उत्तर: शिरोरेषा लांब का ठेवत नाहीत?

"अक्षरांमधलं अंतर वाढवलं की वरची रेघ तुटते, तर फाँटवाले ती आणखी लांब का नाही ठेवत?"

ठेवतात, पण बेतानेच. समजा १००० युनिटच्या चौकटीत प्रत्येक अक्षराची रेघ दोन्ही बाजूंनी २० युनिट बाहेर काढली आहे. शेजारची दोन अक्षरं मग ४० युनिट एकमेकांवर चढतात. म्हापशात दुकानाचा बोर्ड करताना ऑपरेटरने नाव ऐसपैस दिसावं म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांमधलं अंतर, +५० केलं, की १० युनिटची फट पडते. ३०० मिमीच्या साइजला चक्क ३ मिमी! म्हणूनच चांगला डिझायनर मूळ अंतर थोडं सैल ठेवतो आणि कर्निंग करताना, म्हणजे ठरावीक जोड्यांमधलं अंतर जुळवताना, अक्षरं जवळच ओढतो. जवळ ओढल्याने रेघ तुटत नाही.

पण रेघ वाट्टेल तेवढी वाढवता येत नाही, ती 'ध' आणि 'भ'मुळे. त्यांच्या डोक्यावर डावीकडे रेघ मुद्दाम मोडलेली असते. 'मधु' लिहिताना 'म'ची रेघ त्या मोकळ्या जागेत शिरली तर 'ध'चा 'घ' वाचला जातो. छोट्या साइजला तर हमखास. अशा जोड्यांसाठी आधीच्या अक्षराचं आखूड रेघेचं रूप वेगळं काढावं लागतं. फाँट घेण्याआधी 'मधु', 'लाभ' बारीक टायपात छापून बघाच.