वर्गणीच्या मेसेजमध्ये हिशेबाचं वचन कितपत द्यावं?

नवा खजिनदार: यंदा गणपतीच्या वर्गणीचा मेसेज असा पाठवतोय: "प्रत्येक वर्गणीची पावती मिळेल. विसर्जनानंतर पंधरा दिवसांत जमाखर्च फलकावर लावू." काही कार्यकर्ते म्हणतात, एवढं बांधून घेऊ नका. तुमचं मत?

पेठेतला जुना कार्यकर्ता: पावती द्याच, पण जमाखर्च फलकावर लावू नका. मांडववाल्याला किती दिले, पथकाला किती, यावरून वर्षभर वाद चालतात. विचारायला येईल त्याला वही दाखवा.

लेखापाल: काका, विचारायला येतो तोच आधी संशयखोर ठरतो, म्हणून कुणी येत नाही. फलक हवाच, आणि त्यावर पावत्यांचा हिशेबही हवा. समजा, चार पुस्तकं, प्रत्येकी 50, म्हणजे 200 पावत्या. त्यातल्या 34 कोऱ्या परत आल्या, 3 रद्द झाल्या. उरलेल्या 163 स्थळप्रतींची बेरीज 1,12,500. बँकेत थेट 71,000 आले असतील तर रोख 41,500 निघालीच पाहिजे. कमी निघाली तर कुठल्या पुस्तकात चूक आहे ते त्याच रात्री सापडतं. पंधरा दिवसांनी कुणालाच आठवत नाही. रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच टाचून ठेवा. फाडून टाकलेली पावती रद्द झाली की वापरली, हे नंतर कळायला मार्ग नसतो.

दुकानदार: माझ्याकडे पोरं येतात, क्यूआर दाखवतात. पैसे जातात कुण्या एका पोराच्या खात्यात! पावती "नंतर आणून देतो". गेल्या वर्षीची अजून आली नाही.

लेखापाल: मेसेजमध्ये हेच आधी लिहा: क्यूआर मंडळाच्या नावाच्या खात्याचाच, आणि पैसे देण्याआधी स्क्रीनवर दिसणारं नाव वाचा.

सोसायटीतली ताई: पावती असेल तर 80G ची करसवलत मिळते, तेही लिहा. लोक जास्त देतील.

लेखापाल: ताई, नुसत्या पावतीवर नाही मिळत. संस्था नोंदणीकृत हवी आणि तिला 80G ची मान्यता हवी. असली तरी 2,000 वरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. मान्यता नसताना हे लिहिणं म्हणजे लोकांना फसवणं. आणि मंडळाची नोंदणी नसेल तर वर्गणीआधी धर्मादाय आयुक्तांची कलम 41-क खालची परवानगी घ्या. त्यांनाही हिशेब द्यावाच लागतो, मग लोकांपासून का लपवायचा?

पेठेतला जुना कार्यकर्ता: परवानगीचं मान्य. पण मूर्तिकार, हार-फुलंवाला, हातगाडीवाला पक्कं बिल देत नाहीत. फलकावर काय लावणार?

लेखापाल: मंडळाचं व्हाउचर करा. कशासाठी, किती, घेणाऱ्याची सही, आणि पैसे देताना हजर असलेल्या दुसऱ्या कार्यकर्त्याची सही.

सोसायटीतली ताई: आणि देणगीदारांची नावं, रकमा? आमच्याकडे 51 देणाऱ्या आजींना फलक बघून फार ओशाळं वाटलं होतं.

लेखापाल: रकमा नकोत. पावती क्रमांक आणि एकूण बेरीज पुरे.

पेठेतला जुना कार्यकर्ता: हे मला पटत नाही. मोठी देणगी देणाऱ्याला नाव हवंच असतं, नाव गाळलं तर पुढच्या वर्षी तो दार उघडत नाही.