मदत हवी आहे : वाळवीने खाल्लेली खतावणी कथेत पुन्हा कशी उभी करावी?

एक लघुकथा लिहितेय. गावच्या सोसायटीतले निवृत्त कारकून, त्यांची सगळी खतावणी, म्हणजे प्रत्येक सभासदाच्या खात्याची वही, वाळवीने खाल्ली आहे. कपाट ओल्या भिंतीला टेकलेलं, त्यामुळे बाहेरून पुठ्ठा शाबूत आणि आत नुसती माती. आजोबा खचतात. नात म्हणते, "आबा, खतावणी म्हणजे कीर्दीवरूनच उतरवलेली ना? मग पुन्हा उतरवू."

रोजच्या जमाखर्चाची कीर्द बरीचशी शाबूत आहे, फक्त 42 आणि 43 ही पानं गेली. पान 41 ची अखेरची रोख शिल्लक 2,350 रुपये, पान 44 ची सुरुवातीची 3,100. म्हणजे मधल्या दोन पानांत खर्चापेक्षा जमा 750 ने जास्त. नात सभासदांची पासबुकं मागवते, त्या तारखांना 900 रुपये भरलेले सापडतात. खर्चाची व्हाउचरं तारेला ओवून खुंटीवर टांगलेली होती म्हणून वाचली, त्यांत 150 निघतात. हिशेब जुळतो. वर्षारंभीच्या शिल्लका ती मागच्या ऑडिटच्या सभासदवार यादीतून घेते.

अडतंय ते इथे. एकाची रक्कम चुकून दुसऱ्या सभासदाच्या खात्यावर चढली, तरी सगळ्या खात्यांची एकूण तेरीज जुळतेच. ज्याचं पासबुकच हरवलंय, त्याच्या बाबतीत ही चूक आजोबांच्या लक्षात कशी यावी? सोसायटीत किंवा पतपेढीत हाताने खतावणी लिहिलेलं कुणी आहे का इथे? पावतीपुस्तकाची स्थळप्रत तेव्हा किती वर्षं जपून ठेवत? त्यावर नाव आणि खाते क्रमांक दोन्ही लिहीत का?