[मंडळ] नाशिकचं खातं बंद झालं, पण ५९० रुपये कसले?

प्रेषक: मंदार

मंडळी,

कॉलेज रोडच्या शाखेतलं माझं एनआरओ खातं अखेर बंद झालं. (हो, तेच प्रकरण, ज्यावरून मागच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं.) पत्रात लिहिलंय, ‘खाते १८ ऑगस्ट रोजी बंद, देणी निरंक, शिल्लक शून्य, सर्व स्थायी सूचना रद्द’. रिफंडचे पैसे माझ्या दुसऱ्या बँकेतल्या एनआरओ खात्यात जमाही झाले. पण खात्यात १,४६,००० होते, वर व्याज यायचं होतं, आणि आले १,४५,४२७.३०. शेवटचा उतारा असा आहे:

```
11-AUG  CARD AMC + GST       295.00 DR
18-AUG  INT 01JUL-17AUG      480.00 CR
18-AUG  TDS                  150.00 DR
18-AUG  MISC CHG + GST       590.00 DR
18-AUG  SVC CHG + GST         17.70 DR
18-AUG  NEFT TO SELF     145,427.30 DR
```

यातलं काय बरोबर आणि काय भांडण्यासारखं? नेटबँकिंग बंद झालंय, त्यामुळे मला आत जाऊन काही बघता येत नाही.

मंदार

प्रेषक: शिल्पा

मंदार, १७.७० म्हणजे एसएमएसचे. माझ्याही खात्यातून दर तिमाहीला अगदी एवढेच जातात. ५९० मिनिमम बॅलन्सचा दंड असणार. पत्रात ‘देणी निरंक’ आलंय ना, मग विषय संपला. सहाशे रुपयांसाठी तिकडच्या शाखेत कोण फोन करत बसणार? त्यांचा फोन कुणी उचलतच नाही.

शिल्पा

प्रेषक: सुहास

सर्वांना नम्र आठवण. ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. आर्थिक विषयांसाठी वेगळी यादी आपणच काढली होती, तिथे गेल्या वर्षापासून एकही मेल नाही. हॉलची किल्ली कोणाकडे आहे ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

सुहास

प्रेषक: वसंतकाका

मंदार,

शिल्पा, रागावू नकोस, पण दीड लाख शिल्लक असलेल्या खात्याला मिनिमम बॅलन्सचा दंड कसा लागेल? ५९० म्हणजे ५०० अधिक १८ टक्के जीएसटी. बंद करण्याच्याच दिवशी ५०० ची गोल रक्कम गेली की ते खातं बंद करण्याचं शुल्क, हे मी काउंटरवर बसून इतक्यांदा पाहिलंय की नाव वाचायची गरज नाही.

आता प्रश्न असा की ते लागतं का. बहुतेक बँकांच्या दरपत्रकात पहिले १४ दिवस फुकट, त्यानंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत शुल्क, आणि वर्षानंतर शून्य असं असतं. तुझं खातं तर फार जुनं. मग सिस्टीमने ते नवीन का धरलं? मला वाटतं तू निवासी खात्याचं एनआरओ करून घेतलंस तेव्हा काहीतरी झालं. कधी केलंस, आणि खाते क्रमांक बदलला होता का, एवढं सांग.

बाकीच्या ओळी. व्याज बरोबर आहे. १,४६,००० वर अडीच टक्क्यांनी वर्षाचे ३,६५०, म्हणजे दिवसाला १० रुपये. १ जुलै ते १७ ऑगस्ट ४८ दिवस, ४८० झाले. (मधे २९५ गेले त्याचा फरक पैशांत आहे.) १८ तारखेला दिवसअखेर शिल्लक शून्य होती, म्हणून त्या दिवसाचं व्याज मिळत नाही. टीडीएसही बरोबर. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, मिळून ३१.२, ४८० वर दीडशेच होतात.

१७.७० एसएमएसचे असते तर तिमाही संपताना गेले असते. ऑगस्टच्या मधे, नेमके पैसे पाठवल्याच्या दिवशी गेलेत. शाखेतून एक ते दोन लाखांचं एनईएफटी केलं की १५ रुपये अधिक जीएसटी लागू शकतात, ते १७.७०. रक्कम तीच असल्याने शिल्पाची गल्लत झाली, पण तारीख बघायची. ते जाऊ दे, ते बरोबर आहेत.

काका (गंगापूर रोड, जिथे कुंभाच्या कामांसाठी रस्ता पुन्हा खणलाय)

प्रेषक: नंदिनीताई

मंदार, रिफंड म्हणजे इन्कम टॅक्सचाच ना? आमचा मागच्या वर्षी अडकला. पोर्टलवर जे बँक खातं आधी व्हॅलिडेट केलं होतं तेच यांनी बंद करून टाकलं, आणि रिफंड फेल म्हणून परत गेला. दुसरं खातं घालून पुन्हा मागावा लागला. तू ते बदललंस का? शिवाय सप्टेंबरच्या जेवणाचं अजून तुझं नाव आलेलं नाही, शाकाहारी किती धरू?

प्रेषक: मंदार

ताई, रिफंड म्हणजे खात्यातली शिल्लक. पण पोर्टलवर खरंच हेच खातं आहे! आज बदलतो. जेवायला आम्ही चौघे, सगळे शाकाहारी.

काका, खातं २०११ चं. एनआरओ मागच्या नोव्हेंबरात करून घेतलं. क्रमांक तोच राहिला, पासबुकही तेच, फक्त त्यावर शिक्का मारून दिला.

आणि आणखी एक. त्या खात्यातून दर एप्रिलला आईच्या आणि माझ्या संयुक्त लॉकरचं भाडं जायचं, आणि नोव्हेंबरात विम्याचा वार्षिक हप्ता. पत्रात ‘सर्व स्थायी सूचना रद्द’ आहे, म्हणजे दोन्ही रद्द झाले असं समजू ना?

प्रेषक: शिल्पा

अर्थात. खातं बंद झालं की मँडेट आपोआप रद्दच होतं. एनईएफटीचं मान्य, काका, पण हे मला पक्कं ठाऊक आहे, आम्ही इथूनच दोन खाती बंद केलीत.

प्रेषक: वसंतकाका

> मँडेट आपोआप रद्दच होतं

निम्मं खरं, शिल्पा. पैसे जाणार नाहीत हे खरं. पण विमा कंपनीला ते कोण सांगणार?

मंदार, तुझ्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लॉकरचं भाडं ही बँकेच्या घरातली सूचना, ती बँकेने लिहून घेतली आणि बँकेनेच रद्द केली. पत्रातलं वाक्य तिच्याबद्दल आहे. आता एप्रिलला भाडं वसूल होणार नाही, आणि बँक थकबाकी म्हणून पत्र जुन्या पत्त्यावर टाकेल. ते इंदिरानगरच्या बंद फ्लॅटच्या दारात पडून राहणार. सलग तीन वर्षं भाडं थकलं तर नोटिसा देऊन बँकेला लॉकर फोडायची मुभा असते. तेव्हा आईंचं त्याच शाखेत खातं असेल तर त्यातून वळतं करायचा अर्ज आत्ताच द्या. लॉकर संयुक्त आहे, दोघांच्या सह्या लागतील असं धरून चाला.

विम्याचं तसं नाही. ते एनएसीएच मँडेट. हप्ता मागणारी विमा कंपनी, तिची बँक वेगळी, तुझी बँक फक्त पैसे देणारी. नोव्हेंबरात कंपनी नेहमीप्रमाणे मागणी पाठवेल, ती `Account closed` असा शेरा लागून परत येईल, आणि हप्ता थकेल. वार्षिक हप्त्याला साधारण ३० दिवसांची सवलत असते, ती संपली की पॉलिसी लॅप्स. तू परदेशात, एसएमएस जुन्या भारतातल्या नंबरवर, कळणार केव्हा? नवीन खात्यावरून नवीन मँडेट कंपनीला आत्ता दे. कागदी असेल तर सही जुळली नाही म्हणूनही परत येतं, म्हणून नोव्हेंबरपर्यंत थांबू नकोस. जुन्या मँडेटचा यूएमआरएन क्रमांक जुन्या उताऱ्यात सापडेल, तो देऊन ते रद्द करायला सांग.

५९० चं आता स्पष्ट झालं. क्रमांक तोच म्हणजे खातं तेच, फक्त त्याचा प्रकार बदलला. प्रकार बदलल्याची तारीख सिस्टीमने खातं उघडल्याची तारीख धरली आणि वर्ष झालं नाही म्हणून शुल्क आपोआप गेलं. क्रमांक बदलला असता तर त्यांची बाजू थोडी बळकट झाली असती. मेलमध्ये एवढंच लिही की खातं २०११ पासून त्याच क्रमांकाचं आहे, त्यांच्याच दरपत्रकाप्रमाणे शुल्क लागत नाही, जीएसटीसकट ५९० परत करावेत. जीएसटी मुद्दाम लिही, नाहीतर शाखा ५०० परत करून मोकळी होते. जुन्या खात्यात जमा होणार नाही, म्हणून नवीन खात्याचा तपशील आणि १८ तारखेच्या एनईएफटीचा यूटीआर दे.

प्रेषक: प्रशांत

इतकं गोड बोलायची काय गरज? सरळ लोकपालाकडे जा. माझ्या वडिलांच्या खात्याच्या वारस दाव्यात मी तेच केलं. पंचवटीच्या शाखेत रोज वेगळा कागद मागायचे. तक्रार टाकली आणि आठवड्यात काम.

प्रेषक: वसंतकाका

प्रशांत, वारसाचं प्रकरण निराळं. आणि लोकपाल आधी विचारतो, बँकेला लेखी दिलं का? उत्तर न देता ३० दिवस गेले, किंवा उत्तर पटलं नाही, मगच तो घेतो. तूही आधी बँकेला लेखी दिलं असणार, आठव.

प्रेषक: प्रशांत

दिलं होतं. पण त्यांनी पोच दिली नव्हती, त्यावरूनच सगळं झालं.

प्रेषक: मंदार

शाखेचं उत्तर आलं. ५९० परत देणार, नवीन खात्याचा रद्द केलेला चेक मागितलाय. तिमाहीचा फॉर्म १६ए पण मागून ठेवलाय. लॉकरच्या अर्जावर आईची सही घ्यायला मामेभाऊ रविवारी जाणार आहे.

कार्डाच्या २९५ बद्दल चकार शब्द नाही. काका, माझा बंद करण्याचा अर्ज शाखेत ४ तारखेला पोचला, कुरिअरची पोच आहे. वर्षाचं शुल्क त्यांनी ११ ला कापलं. हे चालतं?

प्रेषक: शिल्पा

कार्डाचं शुल्क आगाऊच असतं, ते परत मिळत नाही.

प्रेषक: वसंतकाका

साधारणपणे मिळत नाही, शिल्पाचं बरोबर. पण इथे अर्ज आधी आणि शुल्क नंतर. मी मॅनेजर असतो तर दिले असते. हल्लीचे देतील का, सांगता येत नाही. पोचेची प्रत जोडून माग, आणि अर्जासोबत कार्ड कापून दिलं होतंस का तेही लिही. दिलं नसेल तर ते तेवढंच धरून बसतील.

प्रेषक: मंदार

कार्ड माझ्याकडेच आहे, ड्रॉवरमध्ये. कापून फोटो पाठवतो, बघू काय म्हणतात.

प्रेषक: सुहास

हॉलची किल्ली नंदिनीताईंकडे सापडली. कार्ड आणि लॉकरबद्दलचे पुढचे मेल कृपया दुसऱ्या यादीवर.

प्रेषक: नंदिनीताई

दुसऱ्या यादीचा पत्ता काय आहे?