"दंगा कमी करा की" यात चुकलं काय?

लॉजवाला, खानापूर रोड
बेळगावात आमचा 22 खोल्यांचा लॉज आहे. गेल्या आठवड्यात लग्नाला आलेलं मुंबईचं एक कुटुंब दुसऱ्या मजल्यावर उतरलं होतं. रात्री साडेअकराला पत्त्यांचा डाव रंगला आणि शेजारच्या खोलीतल्या आजोबांनी खाली फोन केला. काउंटरवरचा पोरगा वर गेला, दार वाजवलं आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, जरा दंगा कमी करा की." गृहस्थ भडकले. "दंगा? आम्ही दंगेखोर आहोत? आणि 'करा की' म्हणजे काय, दरडावतोस मला?" पोरगा रडकुंडीला आला. त्याच्या परीनं तो मऊच बोलला होता.

आमच्याकडे पोरांनी गलका केला तर त्याला दंगाच म्हणतात. आता खोलीत ठेवायला मराठी कार्ड करायचंय आणि पोरांना तोंडी बोलायला दोन वाक्यं द्यायची आहेत. एक आवाजासाठी, एक खोलीत सिगारेट ओढणाऱ्यासाठी. कन्नडात "स्वल्प मेल्लगे माताड्री", म्हणजे जरा हळू बोला, एवढं म्हटलं की भागतं. मराठीत अडलोय.

शब्दवेडी, पुणे
दादा, गृहस्थांचा राग मला समजतो. आमच्याकडे दंगा म्हटलं की दगडफेक डोळ्यांपुढे येते. मुलांच्या बाबतीत "दंगामस्ती" म्हणतो, पण पन्नाशीच्या माणसाला नाही. आणि "करा की" आमच्या कानाला "कधीचं सांगतोय, आता तरी करा" असं ऐकू येतं.

गुरुजी, गडहिंग्लज
भांडण "दंगा"वरून पेटलं, पण खरी मेख "की"मध्ये आहे. आमच्या पट्ट्यात "या की", "बसा की", "जेवा की" हे आग्रहाचं बोलणं आहे. नुसतं "बसा" म्हटलं तर कोरडं वाटतं, "की" लावला की त्यात आपुलकी येते. पोरानं तोच "की" विनंतीला लावला. पुण्यामुंबईत क्रियापदाच्या शेवटी आलेला "की" बहुतेक वेळा कुरकुरीचा असतो. एकच अक्षर, इथं पाय धरतं आणि तिथं बोट दाखवतं.

परगावच्या पाहुण्याशी बोलताना आज्ञार्थच टाळावा. "हळू बोला"पेक्षा "हळू बोलाल का" बरं, आणि त्याहून "जरा हळू बोलता येईल का" बरं. शेवटच्या वाक्यात समोरच्याच्या इच्छेवर बोट येत नाही, फक्त सोय विचारली जाते. "आपण" मात्र जपून वापरा. तोंडी बोलताना ते सभेतल्यासारखं वाटतं. "तुम्ही" पुरे.

मराठीनिष्ठ, ठाणे
"आवाज" फारसी, "जरा" अरबी. कार्ड कायमचं छापायचं आहे तर शुद्ध छापावं: "कृपया ध्वनी मर्यादित ठेवावा." सीमाभागात मराठी टिकवायची जबाबदारी जास्त आहे, म्हणून आग्रहानं सांगतो.

लॉजवाला, खानापूर रोड
साहेब, तळमळ पोचली. पण ध्वनी मर्यादित ठेवा म्हटलं तर आमचा पाहुणा टीव्हीचा रिमोट शोधेल. बोलणं कमी करायचं हे त्याच्या ध्यानातच येणार नाही.

गुरुजी, गडहिंग्लज
आणि "जरा" काढला तर विनंतीतली विनंतीच जाते. कन्नडातलं "स्वल्प" हेच काम करतं. मराठीत "कृपया" फक्त भिंतीवर दिसतं, दारात उभं राहून कोणी म्हणत नाही.

मराठीनिष्ठ, ठाणे
कोणी म्हणत नाही, कारण कोणी म्हणायला शिकवत नाही. माझं मत बदललेलं नाही.

तेवीस वर्षं काउंटरवर, टिळकवाडी
मी हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी केली, आता निवृत्त आहे. भाऊ, शब्दाआधी क्रम ठरवा. आधी खोलीत फोन करायचा, दार नंतर. दारात माणूस आला की बायकापोरांसमोर अपमान वाटतो. फोनवर पहिलं वाक्य आवाजाबद्दल नसावं. "जेवण झालं का, काही हवंय का" विचारायचं, मग "वरच्या मजल्यावर आवाज फार घुमतो, शेजारी वयस्कर मंडळी झोपलीत, जरा हळू बोलता येईल का?" दोष इमारतीवर घ्यायचा. तक्रार कोणत्या खोलीतून आली ते सांगायचं नाही, नाहीतर सकाळी जिन्यात भांडण होतं. एवढ्यावर ऐकलं नाही तर पंधरा मिनिटांनी स्वतः मॅनेजरनं जायचं, पोराला पाठवायचं नाही.

सिगारेटचं वेगळं आहे. आवाज कोणाचा हे सगळ्यांना कळतं, सिगारेट माणूस नाकारतो. बाथरूमचा पंखा लावून तिथं ओढतात, आणि एकच शाफ्ट असला तर वास शेजारच्या बाथरूममध्ये निघतो. तक्रार तिथून येते आणि आपण चुकीच्या खोलीचं दार वाजवतो! माझ्याकडून हे झालंय. ज्यांच्यावर संशय घेतला त्या बाई नाटकातल्या गायिका होत्या, धुरानं त्यांचाच घसा बसला होता. तेव्हापासून "तुम्ही ओढताय" हे वाक्य मी कधी उच्चारलं नाही. "या बाजूला सिगारेटचा वास येतोय, तुमच्याकडेही येतोय का?" ओढणारा असेल तर त्याला कळतं, नसेल तर तो मदत करतो. मग लगेच जागा सांगायची: "ओढायची असेल तर खाली गेटबाहेर बाकडं आहे, चहा तिथंच पाठवते."

हायवेवाला, संकेश्वर
एवढं लाडीगोडीनं कशाला? हॉटेलात कुठेच ओढायची नाही असा कायदा आहे. कायदा दाखवा, संपलं.

तेवीस वर्षं काउंटरवर, टिळकवाडी
अर्धं बरोबर आहे. 2003 च्या कायद्यात 30 खोल्या असलेल्या हॉटेलाला ओढणाऱ्यांसाठी वेगळी जागा ठेवायची मुभा आहे. भाऊंचा लॉज 22 चा, त्यामुळे त्यांना ती नाही. पण नियमाप्रमाणे 60 बाय 30 सेंटिमीटरचा फलक लावावा लागतो आणि अ‍ॅश-ट्रे ठेवता येत नाही. खोलीत अ‍ॅश-ट्रे दिसला की पाहुण्याला तीच परवानगी वाटते. कायद्याचं काम फलकानं करावं, माणसानं दारात नाही.

शब्दवेडी, पुणे
फलकावरून आठवलं. बेळगावच्या बसस्टँडवर कन्नडात "धूमपान" वाचलं आणि वाटलं, रंगाऱ्यानं "म्र"मधला "र" खाल्ला.

गुरुजी, गडहिंग्लज
खाल्ला नाही, ताई. धूम म्हणजे धूर, धूम्र म्हणजे धुरकट, धुराच्या रंगाचं. प्यायचा तो धूम, म्हणून कन्नड लिहिणारे बरोबर. "धूम्रपान" आपण रूढ केलं.

मराठीनिष्ठ, ठाणे
इथं मात्र मी रूढीच्या बाजूनं. "धूम्रपान"च छापा.

लॉजवाला, खानापूर रोड
कार्डावर "खोलीत सिगारेट ओढू नये" असं लिहिलं तर? पोरं म्हणतात "नये" वाचलं की शाळा आठवते.

निपाणीची
माझी आई तंबाखूच्या वखारीत होती. आमच्यात विडी "ओढायची" असते. "फुंकणं" म्हटलं की पैसे उडवणं आलं, म्हणून पाहुण्यासमोर "फुंकू नका" चुकूनही नको. आमच्या शेजारचे कन्नड लोक विडी "सेदतात", आणि विहिरीचं पाणीही "सेदतात". आमची आजी पोहऱ्यानं पाणी "शेंदायची". मला तर शेंदणं आणि सेदणं एकच वाटतं.

गुरुजी, गडहिंग्लज
अर्थ जुळतो, ध्वनीही जवळ आहे. तरी "शें"मधला अनुस्वार कुठून आला हे सांगितल्याशिवाय मी सही करणार नाही.

निपाणीची
आजी अनुस्वार नाकातून फार काढायची नाही, गुरुजी. आमच्या वाड्यात ते "शेदणं"च ऐकू यायचं. गडहिंग्लजच्या विहिरीवर कसं म्हणतात?