मदत हवी आहे: रात्री काहीतरी चावतंय, ढेकूण नाहीत (ऐरोली)

सुजाता_ऐरोली
आठ दिवस झोप नाही. मानेवर, दंडावर, कमरेपाशी बारीक लाल पुरळ आणि जीवघेणी खाज. पेस्ट कंट्रोलवाल्याने गादी उलटीपालटी केली, "ढेकूण नाहीत मॅडम" म्हणाला आणि तरी ढेकणांचंच औषध मारून पैसे घेऊन गेला. दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. काय मारू? आज रात्रीच्या आत सांगा प्लीज.

नेरूळकर
सगळ्यांना चावतं की तुम्हालाच? बोटांच्या बेचक्यात खाज असेल तर खरूज असू शकते, डॉक्टरला दाखवा.

सुजाता_ऐरोली
बेचक्यात नाही. बेडरूममध्ये आम्हा दोघांना. हॉलमध्ये झोपणाऱ्या सासूबाईंना एकही नाही.

निलेश_पी
पिसवा. पर्मेथ्रिनचा स्प्रे आणा, बेडरूमभर मारा, दोन तास दार बंद. आमच्याकडे एका फटक्यात गेल्या.

खुराडेवाला
खिडकीबाहेर किंवा एसीच्या मागे कबुतराचं घरटं आहे का?

सुजाता_ऐरोली
होतं, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे. पिल्लं उडून दहा-बारा दिवस झाले. आता कबुतरं नाहीतच, म्हणून लिहिलं नाही.

खुराडेवाला
अहो ताई, तेच तर लिहायचं होतं! हे पक्ष्यांचे माइट, म्हणजे त्यांचं रक्त पिणारे बारीक किडे. कर्जतला माझ्या कोंबड्या होत्या, हे किडे मी अंगावर सोसलेत. पिल्लं असेपर्यंत ते घरट्यात त्यांचं रक्त पीत बसतात, घरात यायचं कारणच नसतं. पिल्लं उडाली की उपाशी पडतात आणि पाइपच्या भोकातून, खिडकीच्या फटीतून आत येतात. माणसाच्या अंगावर त्यांची वस्ती होत नाही, चावून निघून जातात. म्हणून गादीत काही सापडलं नाही.
खात्री करा. रात्री टॉर्च घेऊन पाइपच्या भोकाभोवतीची भिंत पाहा. खसखशीहून बारीक ठिपका चालताना दिसला की पारदर्शक चिकटपट्टीने उचला आणि पांढऱ्या कागदावर लावा.

कुंदाआजी
चिमण्यांचं घरटं मोडू नये गं. आमच्या गॅलरीत मी खोका टांगलाय, पण दोन वर्षं एकही आली नाही. दाराचं तोंड कुठल्या दिशेला हवं?

सुजाता_ऐरोली
आजी, कबुतरं आहेत.
@खुराडेवाला, पाच सापडले! राखाडी, पट्टीवर पाय हलवत होते. एक चिरडला तर कागदावर लाल डाग. आत्ताच झाडूने घरटं पाडते.

खुराडेवाला
थांबा! सुका झाडू फिरवला तर विष्ठेची धूळ फुप्फुसात जाईल आणि उरलेले किडे घरभर पांगतील. आधी आतून पाइपचं भोक आणि फटी रुंद टेपने बंद करा. मग एसीचा एमसीबी पाडून एसीवाल्यालाच बोलवा, कठड्यावरून स्वतः वाकू नका. नवी अंडी किंवा पिल्लं दिसली तर घरटं तूर्त तसंच ठेवा. नसतील तर त्याने एन-९५ मास्क, हातमोजे घालून घरटं साबणाच्या पाण्याने भिजवावं, तारांवर पाणी मारू नये. ओलं झालेलं काडी-कचऱ्यासकट पिशवीत भरून तोंड बांधायचं आणि लगेच खाली न्यायचं.
त्यानंतर आतलं काम. भिंत, चौकट साबणाच्या फडक्याने पुसा. पलंग भिंतीपासून ओढा. चादरी, अभ्रे मशीनमध्ये ६० अंशाला धुवा. व्हॅक्यूम केलात तर त्यातला कचरा लगेच बांधून बाहेर.

निलेश_पी
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? स्प्रे मारला की मरतात.

खुराडेवाला
समोर आलेले मरतात, खरं आहे. घरटं तसंच राहिलं तर रोज नवे येतात. ताईंना दोनच दिवस बरं वाटलं ते त्यामुळेच.

सुजाता_ऐरोली
आमच्याकडे मांजर आहे, ते सांगायचं राहिलं.

नेरूळकर
मग पर्मेथ्रिन अजिबात नको! मांजराला ते विष आहे.

निलेश_पी
मांजर आहे हे आधी सांगायचं ना. बाकी दोष सोसायटीत दाणे टाकणाऱ्यांचा.

नेरूळकर
दाण्यांचा वाद वेगळ्या धाग्यावर घ्या हो.

सुजाता_ऐरोली (सहा दिवसांनी)
एसीवाल्याने दोन पिशव्या भरून घाण काढली. तळाशी दोन मेलेली पिल्लं होती, वासाचं कोडं सुटलं. पाइपच्या भोकात पुट्टी भरली. चावणं खूप कमी आहे, पण काल पुन्हा दोन पुरळ उठले. परत आले का?

खुराडेवाला
आत राहिलेले असतील. पक्षी नसला तरी दोन-तीन आठवडे तग धरतात, काही जाती त्याहून जास्त. खिडकीच्या चौकटीला चिकटपट्टी उलटी लावून ठेवा आणि रोज मोजा. आकडा उतरला पाहिजे. वाढला तर दुसरं घरटं शोधा, वरच्या मजल्याच्या सज्जावरही असू शकतं.

सुजाता_ऐरोली
पट्टीवर काल चार, आज एक. पण वरच्या सज्जावर काड्या दिसतायत, आणि तो फ्लॅट वर्षभर बंद आहे. मालक फोन उचलत नाही. सोसायटी म्हणते, जाळीचा खर्च ज्याचा त्याने. कुणाकडे असं झालं होतं का?