मदत हवी आहे: VLOOKUP खाली ओढला की वरच्या मालाचे भाव येत नाहीत, आणि दुरुस्त केलं तर शेवटचा नवा माल गायब

प्राची_इंदूर
नमस्कार, सियागंजात मसाल्याच्या होलसेल दुकानात बिलिंग बघते. फाइलमधे दोन शीट आहेत. Rate शीटवर A मधे मालाचा कोड, B मधे नाव, C मधे किलोचा भाव, ओळ 2 ते 61. दुसऱ्या शीटवर रोजच्या ऑर्डरी, साधारण 45 ओळी, तिथे D2 मधे हा फॉर्म्युला टाकून कोपऱ्यावर डबल क्लिक करून खालपर्यंत भरलाय

```
=VLOOKUP(A2,Rate!A2:C61,3,FALSE)
```

वरच्या ओळींत सगळं बरोबर येतं, पण खाली गेलं की जिऱ्याला #N/A, आणि त्याच्याच खालच्या ओळीत हळदीचा भाव मात्र नीट येतो. जिरं वर एकदा बरोबर आलेलं असतं, कोड तोच, मग खाली काय बिघडतं? आणि सगळ्यात जास्त टेन्शन याचं की धने एकाच ऑर्डरीत वर 110 ने आणि खाली 124 ने लागले, तिथे तर #N/A पण नाही, गिऱ्हाइकाने दाखवलं म्हणून कळलं. पूर्वीच्या बिलांतही असं झालं असेल तर शोधायचं कसं?

रोहन_ग्वाल्हेर
कोडच्या मागेपुढे स्पेस असणार. TRIM लाव, माझं असंच झालं होतं. आणि #N/A दिसायला नको असेल तर IFERROR मधे टाकून 0 दे, बिल स्वच्छ दिसतं.

प्राची_इंदूर
रोहन दादा, स्पेस असती तर वरच्या ओळीतही जिरं आलं नसतं ना? कोड मी वरचाच कॉपी करून खाली टाकून बघितला, तरी #N/A.

हिशोबवाले_काका
प्राचीताई, तुझं निरीक्षण बरोबर आहे, स्पेसचा काही संबंध नाही. आणि IFERROR ने 0 तर अजिबात नको, तो माल फुकट जाईल आणि टोटल कमी आली हे कोणाला कळणारही नाही. #N/A ओरडून सांगतोय, त्याला ओरडू दे.

आता ऑर्डर शीटच्या ओळ 20 वर जा, D20 वर F2 दाब आणि फॉर्म्युला वाच. असा दिसेल

```
=VLOOKUP(A20,Rate!A20:C79,3,FALSE)
```

A2 चं A20 झालं ते आपल्याला हवंच आहे, पण त्याच्याबरोबर भावाची यादीही 18 ओळी खाली सरकली. म्हणजे ओळ 20 चा फॉर्म्युला Rate शीटच्या ओळ 20 च्या वरचं काही बघतच नाही. Rate मधे जिरं कितव्या ओळीला आहे बघ, 9 व्या असेल तर ऑर्डरीत 9 व्या ओळीपर्यंतच जिरं सापडणार, पुढे नाही. हळद यादीत खाली असणार म्हणून ती सगळीकडे येते.

धने Rate मधे दोनदा आहेत का ते बघ. VLOOKUP वरून खाली जाताना पहिला सापडला तो भाव घेतो. जुना भाव वर आणि नवा खाली लिहिलेला असेल, तर रेंज जुन्या ओळीच्या खाली सरकली की तो आपोआप दुसरा भाव उचलतो, आणि एरर कशाला येईल, त्याला तर उत्तर मिळालंय.

सुनंदा_सावंत_बडोदा
शेवटच्या ओळी येत नसतील तर प्रिंट एरिया बघा हो, पेज लेआउटमधून क्लिअर करा, आमच्या मंडळाच्या वर्गणीच्या यादीत शेवटची दहा नावं छापलीच जात नव्हती.

प्राची_इंदूर
सुनंदाताई, प्रिंट नाही, आकडाच चुकतोय.
काका, जिरं खरंच 9 व्या ओळीला आहे! आणि धने 11 ला 110 ने आणि 57 ला 124 ने. मालकांनी नवा भाव खाली लिहिला आणि वरचा तसाच राहिला.

रोहन_ग्वाल्हेर
अच्छा, मग डॉलर लावायचे. सगळ्याला $ लाव, $A$2 आणि रेंजला पण, काही हलणारच नाही.

हिशोबवाले_काका
रोहन, रेंजला बरोबर, पण पहिल्या A2 ला लावलेस तर सगळ्या ओळींत पहिल्याच मालाचा भाव येईल. तो हललाच पाहिजे. फॉर्म्युलात Rate!A2:C61 एवढाच तुकडा सिलेक्ट करून F4 दाबायचा, लॅपटॉपवर बहुतेक Fn पण धरावा लागतो. मग D2 परत खालपर्यंत भर, नुसता D2 बदलून जुन्या ओळी बदलत नाहीत.

```
=VLOOKUP(A2,Rate!$A$2:$C$61,3,FALSE)
```

पण त्याआधी धन्याची 11 वी ओळ उडव. नाहीतर रेंज पक्की झाल्यावर सगळीकडे पहिलाच, म्हणजे जुना 110 लागेल. दुरुस्तीनंतर सगळे धने एकसारखे दिसतील आणि सगळे चुकीचे असतील.

प्राची_इंदूर
केलं, जिरं आलं, धने सगळीकडे 124. पण आता नवीनच! मागच्या आठवड्यात यादीच्या खाली चार माल वाढवलेत, दगडफूल वगैरे. आधी ऑर्डरीत ते खालच्या ओळींत येत होते, आता कुठेच येत नाहीत, चारही #N/A. डॉलर लावल्याने बिघडलं का काही?

हिशोबवाले_काका
बिघडलं नाही, आधी ते योगायोगाने येत होते. सरकणाऱ्या रेंजचा खालचा टोकही सरकत होता ना, ओळ 6 पासून तो 65 पर्यंत पोचत होता, म्हणून नवा माल सापडायचा. आता टोक जिथे लिहिलंय तिथेच थांबतं. यादीच्या मधे ओळ इन्सर्ट केली तर एक्सेल टोक स्वतः वाढवतो, पण शेवटच्या ओळीच्या खाली टाइप केलं तर वाढवत नाही.

दरवेळी आकडा बदलत बसण्यापेक्षा Rate च्या यादीत कुठेही क्लिक करून Ctrl+T कर, हेडरची टिक ठेव, वर टेबल डिझाइनमधे नाव RateList दे, आणि

```
=VLOOKUP(A2,RateList,3,FALSE)
```

आता खाली ओढलं तरी RateList तिथेच राहतं, आणि शेवटच्या ओळीला चिकटून नवा माल लिहिला की टेबल वाढतं. मधे एक रिकामी ओळ सोडली तर वाढणार नाही. टेबलाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीक खूण असते, ती शेवटच्या मालापाशी आहे का एवढं बघत जा.

जुन्या बिलांचं म्हणशील तर प्रत्येक फाइल उघडून Ctrl धरून Esc खालची ` कळ दाब, आकड्यांऐवजी फॉर्म्युले दिसतील. A38:C97 असलं काही दिसलं की ती फाइल सरकलेली. पण सगळे भाव तपासू नकोस, Rate मधे जे कोड दोनदा आहेत तेवढेच आधी काढ, कारण बाकीच्यांना एकतर बरोबर भाव लागला असणार किंवा #N/A आला असणार आणि तो तेव्हाच दिसला असणार.

वडोदऱ्याचा_निखिल
मी Rate!A:C असा पूर्ण कॉलमच देतो, खाली ओढताना तो सरकत नाही आणि नवी ओळही आपोआप येते. पण महिने आडवे आहेत, उजवीकडे ओढलं की B:D होतं.

हिशोबवाले_काका
$A:$C कर. फक्त यादीच्या खाली जुने भाव किंवा टिपा लिहायची सवय असेल तर पूर्ण कॉलममधे त्याही शोधल्या जातात.

वडोदऱ्याचा_निखिल
झालं काका. पण तो 3 तसाच राहतो, प्रत्येक महिन्याला पुढचा कॉलम हवा असेल तर?

प्राची_इंदूर
RateList ने चारही नवे माल आले. जुन्या फाइलींमधे आतापर्यंत धने आणि बडीशेप असे दोनच कोड दुहेरी मिळालेत, बाकी उद्या बघते. एक राहिलं, मालक दर सोमवारी अख्खी यादी नव्याने पाठवतात आणि मी ती Rate वर पेस्ट करते. नवी यादी जुनीपेक्षा लहान असेल तर खालच्या जुन्या ओळी टेबलातच राहतील ना? पेस्ट करण्याआधी तुम्ही सगळे काय करता?