मदत हवी आहे: कांदाचाळीच्या यंत्राचं तीन मिनिटांचं पिच, स्क्रिप्ट कुठे फसतेय?

निफाडकर

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं मित्र कांदाचाळीसाठी एक यंत्र बनवतो. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत पडतो आणि भाव बघत बघत ऑक्टोबरपर्यंत बाहेर निघतो. सड ढिगाच्या आत सुरू होते. बाहेर वास येईपर्यंत आजूबाजूचा मालही गेलेला असतो. आमचं यंत्र ढिगातलं तापमान, दमटपणा आणि सडताना सुटणारे वायू मोजतं आणि फोनवर सांगतं की अमुक कप्पा उपसा. शेतकरी तेवढाच कप्पा निवडून विकतो, बाकीचा ढीग हलवावा लागत नाही.

डिसेंबरच्या मध्यावर पुण्यात गुंतवणूकदारांच्या एका गटासमोर बोलायचंय. तीन मिनिटं झाली की माइक बंद. माझी स्क्रिप्ट सव्वाचार मिनिटांची होतेय. सांगाडा असा:

समस्या (१ मिनिट ५० सेकंद): "भारत कृषिप्रधान देश आहे. शेतकरी वर्षभर राबतो, पण साठवणुकीच्या सोयी नसल्यामुळे..." इथून सुरुवात, मग शेतकऱ्यांची परिस्थिती, मग भावातले चढउतार.

यंत्र कसं चालतं (१ मिनिट १० सेकंद).

ट्रॅक्शन (२५ सेकंद): "आज ११८ शेतकरी आमच्यासोबत आहेत, जवळपास २,४०० टन कांद्यावर आमची नजर आहे."

मागणी (१५ सेकंद): "आम्हाला ८० लाख रुपये हवेत. ते तंत्रज्ञान, मार्केटिंग आणि टीमसाठी वापरू."

उरलेल्या वेळात आमची ओळख. काय कापू?

रानवारा

दादा, कांदाचाळीला सरकारी अनुदान असतं की. तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा, ८० लाख कशाला उभे करता? माझ्या मामांनी २५ टनांची चाळ अनुदानातूनच बांधली. गेल्या वर्षी त्यांचा पाऊण ढीग खराब झाला, खालून हवा खेळत नव्हती. तुमचं यंत्र त्यांच्याकडे बसेल का?

निफाडकर

अनुदान चाळ बांधायला मिळतं, आमचा प्रश्न कंपनीत भांडवल आणण्याचा आहे. मामांचं मात्र नक्की बघू. खालून हवाच येत नसेल तर आधी ती दुरुस्त करावी लागेल, यंत्र फक्त सड कळवतं, थांबवत नाही. व्यनि करा.

मेघना_पुणे

मी काही वर्षं अशाच एका गटात पिच निवडायच्या बाजूला बसले आहे, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते.

समस्या ४० सेकंदांत बसते. कांदा सडतो हे समोरच्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते हे, की सड आत असते आणि ढीग उपसून बघितला तर चांगल्या कांद्यालाही मार बसतो. हे तुम्ही इथे सात-आठ ओळींत सांगितलंत, स्क्रिप्टमध्ये ते नाहीच. एकच चाळ घ्या आणि रुपयांत सांगा.

आता ट्रॅक्शन. "आमच्यासोबत" म्हणजे काय? ११८ पैकी पैसे किती जणांनी दिले? फुकट बसवलेल्यांपैकी दुसऱ्या हंगामात किती जणांनी स्वतःच्या खिशातून भाडं भरलं? टनांचा आकडा मोठा वाटतो, पण तो शेतकऱ्याच्या कांद्याचा आहे, तुमच्या धंद्याचा नाही. पहिला प्रश्न यावरच येणार आणि तिथे अडखळलात तर पुढचं कोणी ऐकत नाही.

निफाडकर

ताई, खरं सांगतो. पहिल्या हंगामात ६० चाळींत फुकट बसवलं. यंदा त्यातल्या ३८ जणांनी हंगामाचे ६,००० रुपये भरले. नवीन ३३ जणांनीही भरले. उरलेले ४७ अजून फुकट आहेत. ७१ हा आकडा लहान दिसेल म्हणून ११८ लिहिला.

मेघना_पुणे

"६० फुकट, त्यातले ३८ पैसे देऊन परत आले" हेच तुमचं सगळ्यात भक्कम वाक्य आहे. ट्रॅक्शनची सुरुवात तिथून करा आणि त्याला पूर्ण मिनिट द्या. उरलेले २२ का आले नाहीत, याचं उत्तरही तयार ठेवा. आणि एक सांगा, यंत्र विकता की भाड्याने देता? बनवायला खर्च किती?

निफाडकर

भाड्याने. बनवायला ४,५०० लागतात, यंत्र आमचंच राहतं. २२ पैकी १३ जणांनी यंदा कांदा साठवलाच नाही, शेतातूनच विकला. बाकीच्यांना रेंज नव्हती किंवा इशारे पटले नाहीत.

मेघना_पुणे

म्हणजे यंत्राचा खर्च पहिल्याच हंगामात वसूल होतो. हे स्क्रिप्टमध्ये का नाही?

कोरडवाहू

मागणीबद्दल माझं मत. व्हॅल्युएशन अजिबात बोलू नका. कन्व्हर्टिबल नोट घ्या, कागदपत्रं कमी, वादच नाही. आम्ही तसंच केलं होतं.

अण्णा_लासलगाव

कोरडवाहू, अर्धं बरोबर आहे. कन्व्हर्टिबल नोटला कंपनी सरकारमान्य स्टार्टअप असावी लागते आणि एका व्यक्तीकडून एका हप्त्यात किमान २५ लाख यावे लागतात. गटात बरेच जण पाच-पाच लाख घालतात, तिथे ती चालत नाही. मग बहुतेक वेळा प्रेफरन्स शेअर द्यावे लागतात आणि त्याला व्हॅल्युएशन लागतंच. गट सगळ्यांचे पैसे एकत्र करून एकाच फंडातून देत असेल तर गोष्ट वेगळी. निफाडकर, हे आयोजकांना आजच विचारून घ्या.

पण माझी खरी काळजी दुसरी आहे. तुमचं गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येतं. डिसेंबरमध्ये होकार आला तरी तपासणी आणि कागदपत्रांत दोन-तीन महिने जातात, पैसे मार्चमध्ये खात्यावर. यंत्रं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तयार हवीत. सुटे भाग यायला किती दिवस?

निफाडकर

सहा ते आठ आठवडे, काका.

अण्णा_लासलगाव

मग मार्चमध्ये आलेल्या पैशांनी येता हंगाम हुकला. मागणी हंगामाला बांधा. किती पैसे कधीपर्यंत हवेत आणि त्यातून किती चाळी होतील, एवढं बोला. "तंत्रज्ञान, मार्केटिंग, टीम" हे कुठल्याही कंपनीला लागू पडतं.

निफाडकर

रात्री बसून पुन्हा लिहिलं. मुख्य तुकडे देतो.

समस्या: "२५ टनांची एक चाळ. ३० टक्के माल गेला तर ७५ क्विंटल. १,६०० रुपये भाव धरला तर एक लाख वीस हजार, एका शेतकऱ्याचे, एका हंगामात. सड आतून सुरू होते. बघायला ढीग उपसावा तर चांगल्या कांद्याला मार लागतो, म्हणून तो वास येईपर्यंत थांबतो."

ट्रॅक्शन: "मागच्या हंगामात ६० चाळींत फुकट बसवलं. यंदा त्यातले ३८ जण ६,००० रुपये भरून परत आले, नवीन ३३ आले. यंत्र ४,५०० मध्ये बनतं, आमच्याच मालकीचं राहतं, म्हणजे खर्च पहिल्याच हंगामात निघतो."

मागणी: "आम्हाला ८० लाख हवेत. त्यातले ३० लाख जानेवारीअखेर, कारण २७ लाखांत नवी ६०० यंत्रं एप्रिलआधी तयार होतात. उरलेले जूनपर्यंत चालतील. त्यात चार माणसांचे दोन हंगामांचे पगार निघतात."

बाकी यंत्राची माहिती ३० सेकंदांवर आणली. घड्याळ लावून तीनदा बोललो, २ मिनिटं ५० सेकंद.

मेघना_पुणे

आता ऐकावंसं वाटतं. "३० टक्के" कुठून आले हे मात्र विचारतील. तुमच्या ६० चाळींत यंत्र बसवण्याआधीची आणि नंतरची घट मोजली आहे का? असेल तर तोच आकडा घाला.

निफाडकर

१९ चाळींत वजन करून मोजली आहे. बाकी ठिकाणी शेतकऱ्याचा अंदाज.

मेघना_पुणे

मग १९ म्हणा.

अण्णा_लासलगाव

माझा एक मुद्दा तसाच आहे. जानेवारीअखेर ३० लाख मागणं म्हणजे सहा आठवड्यांत तपासणी उरका असं सांगणं. काही जणांना ते दडपण वाटेल. ओळखीतून दहा-बारा लाख उचलून २५० यंत्रांचे भाग आधीच मागवता आले तर बघा, मग समोर हात बांधलेले दिसणार नाहीत.

मेघना_पुणे

काका, इथे मी सहमत नाही. हंगामाची तारीख खरी आहे, ती लपवली तर मार्चमध्ये भांडण होईल. सुरुवातीलाच सांगितलेली बरी.

निफाडकर

दोन्ही पटतंय. उद्या भाग पुरवणाऱ्याशी बोलतो, २५० चा भाव किती पडतो बघतो. मग इथे लिहितो.